ड्युटी सायकल बदलता येणारा सिग्नल जनरेटर : बरेच महिने वापरल्यानंतर

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत जुन्या मशीनची कंट्रोल कार्डं दुरुस्त करायचं माझं काम. हा जनरेटर बरेच महिने रोज चालतोय. वारंवारता स्थिर राहते, बटणं भक्कम आहेत, पंखा जरा आवाज करतो. मी घेतला तो ड्युटी, म्हणजे प्रत्येक आवर्तनात सिग्नल किती टक्के वेळ वर राहतो, ते बदलायच्या सोयीसाठी, आणि ती सोय फार कामाची निघाली.

स्क्रीनवर ड्युटी टक्क्यांत दिसते, मेमरीला मात्र नॅनोसेकंद पुरावे लागतात. 70 नॅनोसेकंदवाल्या 62256 रॅमची राइट-इनेबल पिन साधारण 50 नॅनोसेकंद तरी खाली राहावी लागते. लिहिणं पिन खाली असतानाच होतं, म्हणजे ड्युटी 70 टक्के असेल तर उरलेले 30 टक्के मोजायचे. 1 मेगाहर्ट्झला ते 300 नॅनोसेकंद भरतात, 5 मेगाहर्ट्झला फक्त 60.

मे महिन्यात एक कार्ड आलं. सकाळी ठीक चालायचं, दुपारी तापलं की चुकायचं. त्याचा क्लॉक काढून जनरेटरचा दिला, 5 मेगाहर्ट्झ, 70 टक्के. सगळीकडे आधी 55 भरलं, मग AA. वाचून पाहिलं तर काही ठिकाणी जुनं 55 तसंच, एका पत्त्यावर A5. अर्धे बिट बदललेले, अर्धे जुनेच!

असं का होतं? सेलमध्ये दोन इन्व्हर्टर एकमेकांना धरून असतात. बिट लाइन एका बाजूला ओढते, पण दुसरा इन्व्हर्टर उलटून साथ देईपर्यंत वाट उघडी राहायला हवी. आधीच मिटली तर सेल जुन्या बाजूला परततो. प्रत्येक सेलची ताकद थोडी वेगळी, म्हणून काही उलटतात, काही नाही. उष्णतेत ट्रान्झिस्टर मंदावतात. लॅचचंही तेच: 74HC573 ला 4.5 व्होल्टवर किमान 16 नॅनोसेकंदांची पल्स पुरते, 2 व्होल्टवर 80 लागतात.

वारंवारता तीच ठेवून ड्युटी 50 टक्के केली आणि चुका थांबल्या. वारंवारता घटवली असती तरी थांबल्या असत्या, पण मग वाचायला वेळ कमी पडत होता की लिहायला, ते कळलं नसतं. परत 70 टक्क्यांवर आणून स्कोप थेट रॅमच्या पिनवर लावला: 60 ऐवजी 46 नॅनोसेकंद. मधल्या जुन्या बफरची खाली येणारी कड वर जाणाऱ्या कडेपेक्षा 14 नॅनोसेकंद उशिरा येत होती, तेवढी पल्स आखूड. बफर बदलल्यावर 58 मिळाले, आणि कार्ड दुपारीही चाललं.

एक उणीव. 10 मेगाहर्ट्झला 10 टक्के ड्युटी म्हणजे 10 नॅनोसेकंद, आणि याची कड चढायलाच जवळपास तेवढा वेळ घेते. पल्स पूर्ण उंची गाठत नाही, स्क्रीन मात्र निवांत 10 टक्के दाखवते. जवळ स्कोप नसेल तर हा घेऊ नका. असेल तर प्रोबची ग्राउंड वायर आखूड ठेवा, नाहीतर कडेवरच्या लहरींमुळे रुंदी नीट मोजता येत नाही.