ऑक्सिजन सेन्सर बदलल्यानंतरचे आठ महिने

माझी गाडी २०१५ सालची, बीएस-४ मानकाची पेट्रोल हॅचबॅक असून ती आतापर्यंत सुमारे १ लाख ४ हजार किलोमीटर चालली आहे. तिचा रोजचा प्रवास कोथरूड ते शिवाजीनगर एवढाच, म्हणजे कर्वे रस्त्यावरचा थांबत-थांबत चालणारा. गेल्या पावसाळ्यात, ९६ हजार किलोमीटरच्या सुमारास, इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि शहरातले मायलेज साडेतेरावरून पावणेबारावर आले. गॅरेजमध्ये P0171 हा कोड निघाला. मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे, असा त्याचा अर्थ. मॅकॅनिकने क्षणभरही न थांबता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितला. नाना पेठेतून मूळ जोडणीचा, चार तारांचा सेन्सर आणला आणि तो बसवूनही घेतला. नवव्या दिवशी दिवा पुन्हा लागला.

या अभिप्रायाचा बराचसा भाग त्या नऊ दिवसांनंतरचा आहे. सेन्सर उत्तम निघाला, मात्र दोष त्याचा नव्हताच, आणि हे समजण्यासाठी तो नेमके काय मोजतो हे मला मुळापासून समजून घ्यावे लागले.

या सेन्सरच्या टोकाशी झिर्कोनियाची एक लहानशी पोकळ टोपी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर असतो. आतल्या बाजूला बाहेरची स्वच्छ हवा पोहोचते, तर बाहेरची बाजू एक्झॉस्टच्या वायूत असते. साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापल्यावर हे सिरॅमिक ऑक्सिजनचे आयन वाहू देते आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये जितकी तफावत, तितका व्होल्टेज निर्माण होतो. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन उरलेला असेल, म्हणजे मिश्रण लीन असेल, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर ०.८ ते ०.९ व्होल्ट. गंमत अशी की या दोन टोकांमधला बदल उतारासारखा नसून कड्यासारखा आहे. आदर्श प्रमाण ओलांडताच, ०.४५ व्होल्टच्या आजूबाजूला, वाचन एकदम एका टोकावरून दुसऱ्या टोकाला जाते. त्यामुळे हा सेन्सर मिश्रण रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे एवढेच खात्रीने सांगतो. किती दूर आहे ते त्याला सांगता येत नाही. ते मोजणारे वाइडबँड सेन्सर वेगळे असतात. ते माझ्या गाडीत नाहीत.

अशा ‘हो की नाही’ एवढेच बोलणाऱ्या साक्षीदाराच्या भरवशावर ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, मिश्रण कसे राखतो, हे मोबाइलवर पाहताना मला खरी मजा आली. सेन्सर रिच म्हणाला की ईसीयू इंजेक्टर उघडा ठेवण्याचा वेळ थोडा-थोडा कमी करत जातो. सेन्सर लीन म्हणेपर्यंत हे चालते, आणि तसे झाले की तो उलट दिशेने निघतो. म्हणून निरोगी गाडीत मिश्रण आदर्श रेषेवर स्थिर उभे राहत नाही, तर तिच्या दोन्ही बाजूंना सतत थोडेथोडे डोलत राहते. कन्व्हर्टरमधला सिरियम ऑक्साइड लीन क्षणी ऑक्सिजन साठवतो आणि रिच क्षणी तो परत देतो, त्यामुळे हे डोलणे त्याला चालते. ही क्षणोक्षणीची दुरुस्ती स्कॅनरवर STFT म्हणून दिसते. ती बराच काळ एकाच बाजूला झुकलेली राहिली तर ईसीयू तो झुकाव LTFT मध्ये जमा करून ठेवतो. दोन्हींची बेरीज म्हणजे मूळ हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी दिले जात आहे, त्याचा आकडा.

दिवा दुसऱ्यांदा लागल्यावर मी एक साधा ब्लूटूथ स्कॅनर घेतला. इंजिन पूर्ण तापलेले असताना, आयडलवर, STFT ३ आणि LTFT १९, म्हणजे एकूण २२ टक्के जास्त पेट्रोल दिसले. तेच २५०० आरपीएमवर धरले तर बेरीज ९ वर आली. या दोन आकड्यांतला फरक सगळ्यात महत्त्वाचा होता. पंप अशक्त झाला असता किंवा फिल्टर तुंबला असता, तर मागणी वाढेल तशी तूट वाढली असती. इथे उलट होते, आणि त्याचा अर्थ कुठून तरी आगंतुक हवा आत येत होती. ती हवा थोडी आणि साधारण ठरावीक असल्यामुळे कमी आरपीएमवर जास्त जाणवत होती आणि वेग वाढला की मोठ्या प्रवाहात विरून जात होती.

आता ही हवा इंजिनाच्या आधी शिरते की नंतर, हा प्रश्न उरला. इनटेकच्या रबरी नळीला चीर असेल तर इंजिनाला खरोखरच जास्त हवा मिळते, ईसीयू तेवढे पेट्रोल वाढवतो आणि मिश्रण प्रत्यक्षात ठीक होते; म्हणजे दुरुस्ती रास्त असते. याउलट एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडात सेन्सरच्या आधी फट असेल, तर प्रत्येक सिलिंडरमधून वायूचा धक्का निघून गेल्यावर मागे क्षणभर दाब कमी होतो आणि त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. जळणाशी तिचा काहीच संबंध आलेला नसतो, तरी सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि तो प्रामाणिकपणे लीन असे सांगतो. ईसीयू पेट्रोल वाढवतो आणि मुळात बरोबर असलेले मिश्रण खरोखर रिच होते. सेन्सर नवा असो वा जुना, उत्तर तेच येणार.

निवाडा प्लगांनी केला. चारही स्पार्क प्लग काढले तेव्हा ते तपकिरी नव्हते, तर कोरड्या काजळीने काळे झालेले होते. लीन चालणाऱ्या इंजिनाचे प्लग काळे होत नाहीत. इनटेकच्या नळ्यांवर कार्ब क्लीनर फवारून पाहिला, पण आरपीएम आणि STFT दोन्ही जागचे हलले नाहीत. (हा प्रयोग तापलेल्या एक्झॉस्टपासून लांब राहूनच करावा, कारण तो द्रव पेट घेतो.) शिवाय सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर बारीक ‘टिक-टिक’ ऐकू येत असे आणि लोखंड तापून फुगले की ती मंदावत असे. ती मी कित्येक आठवडे टॅपेटची समजत होतो.

मधल्या काळात पीयूसी चाचणी झाली आणि गाडी सहज उत्तीर्ण झाली, याचे मला फार नवल वाटले होते. पेट्रोल जास्त जळते आहे तर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या मर्यादेत कसा, असा माझा प्रश्न होता. विचार केल्यावर उत्तर त्याच फटीत सापडले. आत शिरलेल्या हवेतला ऑक्सिजन जास्तीच्या कार्बन मोनॉक्साइडसह कन्व्हर्टरमध्ये पोहोचत होता आणि तो तिथे जाळून टाकत होता. सायलेन्सरच्या तोंडाशी सगळा हिशेब जुळलेला दिसत होता, कारण सेन्सरच्या जागीही तो तसाच जुळवला जात होता. म्हणून अशा दोषात पीयूसीच्या कागदावर विसंबून राहता येत नाही.

फट शोधण्याची युक्ती शेजारच्या काकांनी सांगितली. ते पूर्वी एका बस डेपोत काम करत असत. ‘‘अरे, थंड गाडीच्या सायलेन्सरमधून व्हॅक्यूम क्लीनरची हवा सोड आणि वर साबणाचं पाणी मार, बुडबुडे आपोआप जागा दाखवतील,’’ असे ते म्हणाले. उष्णतारोधक पत्रा काढून तसे केले, तेव्हा चौथ्या सिलिंडरपाशी, मॅनिफोल्ड आणि हेडच्या जोडावर, फेस उसळला. तिथल्या स्टडचा नट सैल झाला होता आणि गॅस्केटच्या कडेला काजळीची रेघ उमटली होती. नवे गॅस्केट, एक नवा स्टड आणि मजुरी मिळून खर्च सेन्सरच्या निम्म्याहूनही कमी आला.

दुरुस्तीनंतर मी मुद्दाम कोड पुसला नाही. पहिल्याच फेरीत सेन्सर ०.८ व्होल्टवर चिकटला आणि STFT उणे १६ पर्यंत खाली गेला, कारण ईसीयू अजून शिकलेल्या जुन्या हिशेबाने जास्त पेट्रोल देत होता आणि आता सेन्सरला खरा वायू दिसत होता. दोन-तीन दिवसांत LTFT उतरत ५ वर येऊन थांबला. हे पाच टक्के मला दोष वाटत नाहीत. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, पण २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण साडेतेरा पटच पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावे लागते. सेन्सरला इथेनॉल कळत नाही. त्याला फक्त उरलेला ऑक्सिजन कळतो, आणि म्हणूनच जुन्या हिशेबाची गाडीसुद्धा नव्या इंधनावर आदर्श मिश्रण राखू शकते. मायलेजही आता साडेतेराच्या जवळ परतले आहे.

आता खुद्द सेन्सरबद्दल. कात्रजच्या घाटात त्याची दोन्ही टोके तपासता येतात. चढावर पूर्ण अॅक्सिलरेटर दिला की ईसीयू सेन्सरचे ऐकणे थांबवून जाणूनबुजून रिच मिश्रण देतो आणि वाचन ०.९ च्या जवळ टिकते. उतारावर गिअरमध्ये पाय उचलला की इंजेक्शन बंद होते आणि वाचन जवळजवळ शून्यावर येते. आठ महिन्यांनंतरही माझा सेन्सर या दोन्ही टोकांना झटकन पोहोचतो. त्याचा हीटरही चोख आहे. सकाळी अर्ध्या मिनिटाच्या आतच डोलणे सुरू होते, आणि माझ्यासारख्या छोट्या फेऱ्यांसाठी याला महत्त्व आहे, कारण सेन्सर तापेपर्यंत गाडी अंदाजाने पेट्रोल देत असते.

कुतूहल म्हणून जानेवारीत जुना सेन्सर दोन आठवडे परत बसवून पाहिला. २५०० आरपीएमवर नवा सेन्सर सेकंदाला साधारण एकदा इकडून तिकडे जाऊन परत येतो. जुन्याला त्याच फेरीला दीड सेकंदाच्या आसपास लागत होता. स्वस्त स्कॅनर एका वेळी अनेक आकडे मागितले की फार संथ होतो आणि चांगला सेन्सरही आळशी भासवतो, म्हणून ही तुलना करताना पडद्यावर फक्त सेन्सरचा व्होल्टेज ठेवला होता. जुना थोडा मंदावला होता, पण LTFT त्याच्यासहही ६ च्या पुढे गेला नाही. तो आणखी वीस-तीस हजार किलोमीटर चालला असता, असे माझे मत आहे.

बसवताना २२ मिलिमीटरचा खाचेचा पाना लागतो. आट्यांवर कंपनीने लावलेला लेप तेवढाच पुरे आहे. तो टोकाच्या छिद्रांना लागू देऊ नये. वस्तू म्हणून या सेन्सरला मी पाचपैकी साडेचार गुण देतो. अर्धा गुण कापला तो तार दोन बोटे आखूड असल्यामुळे, कारण ती पत्र्याच्या कडेला घासू नये म्हणून मला वेगळी क्लिप लावावी लागली. जुना सेन्सर पुसून, टोपण लावून डिकीत ठेवला आहे.