सवलतीचं तिकीट पूर्ण रकमेत आणताना: round() की पूर्णांकी सूत्र?

ज्येष्ठ नागरिक किंवा विद्यार्थी सवलतीचा हिशोब पायथॉनमध्ये लिहिणाऱ्यासमोर दोन सोपे रस्ते असतात. एक म्हणजे टक्केवारी वजा करून round() लावायचं, दुसरा म्हणजे सगळं पूर्णांकातच ठेवायचं. दोन्ही मी वापरलेत.

```python
round(fare * (100 - pct) / 100)
(fare * (100 - pct) + 50) // 100
```

पहिली ओळ वाचायला सरळ आहे, म्हणून सुरुवात मी तिनेच केली. बराच काळ काही खटकलंही नाही. मग 50 टक्के सवलतीचा तक्ता छापून मूळ भाडं एकेकाने वाढवत नेलं, आणि तिथे अडलो. भाडं 123, 124 आणि 125, तिन्हींचं तिकीट 62. 126 ला एकट्यालाच 63. पुढे 127, 128, 129 या तिघांना पुन्हा 64. पायऱ्या अशा वेड्यावाकड्या का, हे समजायला मला एक संध्याकाळ लागली. पायथॉन 3 चं round() नेमका अर्धा उरला की जवळच्या सम संख्येकडे जातं: 62.5 चे 62, पण 63.5 चे 64.

हा दोष नाही. मोठ्या बेरजांत अर्धे सतत वरच जाऊन एकूण रक्कम फुगू नये, म्हणून ही रीत आहे, आणि दिवसभराचा एकत्रित हिशोब पाहणाऱ्याला ती कदाचित जास्त न्याय्यही वाटेल. पण प्रवासी बेरीज पाहत नाही, हातातलं एक तिकीट पाहतो. 125 चे निम्मे साडेबासष्ट, अर्धा वर म्हणजे 63, असं तो शाळेत शिकलेल्या रीतीने मोजतो आणि तिकिटावर 62 दिसतात. 127 वाल्याचा अर्धा मात्र वर गेलेला असतो. दोघांना एकच नियम सांगून समजावणं मला जमलं नाही.

पूर्णांकी सूत्रात 125 आणि 126 ला 63, 127 आणि 128 ला 64, अशा सारख्या पायऱ्या पडतात. दशांश कुठेच येत नसल्याने त्यांच्या साठवणुकीतल्या बारीक चुकाही टळतात. सवलतीची रक्कम छापायची असेल तर ती वेगळी पूर्णांकात आणू नका; भाड्यातून तिकीट वजा करा, 125 - 63 = 62. वेगळी आणली तर दोन्हीकडे 63 येतात आणि बेरीज 126 होते.

या सूत्रातही अर्धा नेहमी प्रवाशाच्या खिशातून जातो, हे खरं. 125 च्या चार तिकिटांचे 252 होतात, एकत्र मोजले तर 250. ते टाळायचं असेल तर + 50 काढून टाका, मग अपूर्णांक प्रवाशाला सुटतो. तुमच्याकडे नियम लेखी असेल तर अर्थात तोच पाळा. नसेल तर मी तरी दुसरीच ओळ लिहीन.