फ्रीझ, बेटरमेंट की सरळ सोडून देणं? इंजिनिअरिंगच्या कॅप फेरीत नाशिककरांसमोरचे तीन रस्ते

कॅपची, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेची, पहिली यादी लागली की कॉलेज रोडच्या चहाच्या टपऱ्यांवर एकच चर्चा असते: "नाशिकचं मिळालंय, पण पुण्याची वाट बघायची का?" मेडिकलवाले, आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाचे जोसावाले आणि सीईटीवाले तिथे एकमेकांना सल्ले देत असतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण तिन्हींचे नियम वेगळे आहेत. इथे फक्त सीईटी सेलच्या इंजिनिअरिंग कॅपबद्दल, 2025-26 च्या नियमांप्रमाणे. तुमच्या वर्षाची माहितीपुस्तिका आली की ती शेजारी ठेवूनच हे वाचा.

एक उदाहरण घेऊ. सिडकोत राहणारी एक मुलगी. तिने पहिल्या फेरीच्या ऑप्शन फॉर्ममध्ये वरून असा क्रम लावला: पुण्याच्या पीआयसीटीचं कॉम्प्युटर, तिथलंच आयटी, तिथलंच ईएनटीसी, मग चौथ्या क्रमांकावर पंचवटीतलं के. के. वाघचं कॉम्प्युटर, खाली आणखी काही. पहिल्या फेरीत चौथा पर्याय लागला. आता तिच्यापुढे तीन रस्ते आहेत.

फ्रीझ केलं तर विषय संपला. हजार रुपये सीट ॲक्सेप्टन्स फी भरायची, दिलेल्या तारखांत कॉलेजात जाऊन मूळ कागद दाखवायचे, फी भरायची. पुढच्या फेऱ्यांत तिचं नाव येणार नाही. घरी राहून शिकायचं ठरलं असेल आणि पुण्याचं हॉस्टेल नकोच असेल, तर यात वाईट काहीच नाही. केवळ "सगळे बेटरमेंट करतात" म्हणून थांबणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

बेटरमेंट, म्हणजे फ्रीझ न करता सीट धरून ठेवणं. हजार रुपये इथेही भरावे लागतात. वाघची सीट हातात राहते आणि पुढच्या फेरीत ती पुन्हा उतरते. वरचं काही लागलं नाही तर जुनी सीट कायम. लागलं तर जुनी सीट आपोआप रद्द होते, मग नवी आवडो वा न आवडो. "आधी बघू, मग ठरवू" असं इथे चालत नाही.

तिसरा रस्ता, फी न भरता सीट सोडून देणं. यात पैसे जात नाहीत, पण सीटवरचा हक्क जातो. दुसरीकडे प्रवेश पक्का असेल तरच हा रस्ता धरावा.

उदाहरणातल्या मुलीने बेटरमेंट निवडलं आणि दुसऱ्या फेरीसाठी तोच जुना क्रम पुन्हा भरला. तिला खरं तर हवं होतं कॉम्प्युटर किंवा आयटी. ईएनटीसी तिने "पीआयसीटी तर आहे" म्हणून घातलं होतं. दुसऱ्या फेरीत नेमकं तेच लागलं. वाघचं कॉम्प्युटर त्याच क्षणी गेलं. त्यात दुसरी गाठ अशी की ईएनटीसी तिच्या यादीत तिसरं होतं. पहिल्या फेरीत फक्त पहिला पर्याय लागला तर ऑटो फ्रीझ होतो, म्हणजे सीट आपोआप फ्रीझ होते; दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही, आणि चौथी फेरी सगळ्यांसाठी शेवटचीच. म्हणजे तिसऱ्या फेरीची वाट बघण्याची मुभाही संपली. ऑटो फ्रीझ झालेली सीट नाकारली तर पुढच्या कॅप फेऱ्या बंद, उरतात त्या कॅपनंतरच्या संस्था पातळीवरच्या जागा.

हे टाळायला तिला काय करायला हवं होतं? दुसऱ्या फेरीच्या फॉर्ममध्ये फक्त दोनच ओळी: पीआयसीटी कॉम्प्युटर आणि आयटी. दोन्ही नाही लागले असते तर वाघची सीट तशीच राहिली असती. सीट हातात असताना यादी जितकी आखूड तितकी सुरक्षित. सीट हातात नसताना मात्र उलटं, तेव्हा लांब यादीच भरावी. फॉर्म कन्फर्म करण्याआधी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा: "हे लागलं आणि हातातलं गेलं, तर चालेल का?" उत्तर चाचरत आलं तर ती ओळ काढा.

बेटरमेंटमध्ये खरोखर काही हाती लागतं का? लागतं. जेईईवाले विद्यार्थी एनआयटी-आयआयटीत गेले की पुण्या-मुंबईच्या वरच्या सीट मोकळ्या होतात आणि त्या साखळीने खालपर्यंत हलतात. पण तुम्ही किती खाली आहात ते महत्त्वाचं. मागच्या वर्षीच्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीचे कट-ऑफ शेजारी ठेवा. त्यात थोडाच फरक असेल आणि तुमचा पर्सेंटाइल त्याच्याही बऱ्याच खाली असेल, तर वाट बघण्यात अर्थ नाही.

जोसाचं गणित वेगळं आहे. तिथे 2025 मध्ये खुल्या, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस गटासाठी सीट ॲक्सेप्टन्स फी तीस हजार होती. फ्रीझ आणि फ्लोट, म्हणजे सीट धरून वरच्या पर्यायाची वाट बघणं, यांसोबत तिथे स्लाइडही असतं, म्हणजे संस्था तीच ठेवून फक्त शाखा वर सरकवण्याची सोय. कॅपमध्ये ही सोय नाही. शाखाच बदलायची असेल तर ते फॉर्ममधल्या ओळींवरूनच साधावं लागतं. माघार घ्यायची असेल तर जोसाची ठरलेली फेरी संपायच्या आत घ्यावी लागते, आणि तेव्हाही प्रोसेसिंगचे पैसे कापले जातात.

आता प्रवेश घेऊन झाल्यावर सोडायचं असेल तर. इथे हजार रुपयांची नव्हे, कॉलेजच्या फीची काळजी करायची असते. एआयसीटीईचा नियम सरळ आहे: ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी सगळी फी परत. लाख रुपये भरले असतील तर नव्याण्णव हजार परत यायला हवेत. तारीख उलटली आणि जागा रिकामीच राहिली, तर फक्त अनामत रक्कम हातात पडते. पुढच्या वर्षांची फी मात्र कॉलेज मागू शकत नाही आणि दाखला, मार्कशीट अडवूनही ठेवू शकत नाही. पैसे आणि कागद सात दिवसांत देणं अपेक्षित आहे. तरी "साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या" हे ऐकायची तयारी ठेवा.

म्हणून तोंडी सांगून घरी येऊ नका. विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून रद्द करण्याचा ऑनलाइन अर्ज करा, त्याची प्रिंट सही करून कॉलेजात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का व पोच घ्या. अंतिम तारखेच्या दिवशी संध्याकाळी गेलात तर वाद होतो, दोन दिवस आधीच उरका.

एक नुकसान कुठल्याच पावतीवर दिसत नाही. ऑटो फ्रीझ नाकारून संस्था पातळीवरची किंवा मॅनेजमेंटची सीट घेतली, तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीसारख्या योजना आणि मुलींची फीमाफी मिळत नाही. त्या कॅपमधून मिळालेल्या प्रवेशालाच आहेत. अर्ध्या किंवा माफ फीचा हिशोब धरून बसलेल्या घरात चार वर्षांचा फरक किती पडतो, ते त्या कॉलेजच्या फी-पत्रकावरून आधी मांडून बघा आणि मगच नकार द्या.