कुशीतली कळ: आधी श्वास बदलावा की पळण्याआधीचं खाणंपिणं?

भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय, परभणीजवळच्या गावात. मैदानी चाचणीत 1600 मीटरला 20 गुण, म्हणजे चारशेच्या मैदानावर चार फेऱ्या. दुसरी फेरी संपत आली की उजव्या बरगडीखाली हात दाबून वाकायचा. "मामा, कुशीत कळ मारायलीय, श्वासच घेता येईना." गावातले सांगायचे, श्वास नीट घे. सोबतची पोरं म्हणायची, पाणी पिऊन पळू नको. दोन्ही सल्ले खरे आहेत, पण आधी कोणता धरायचा हा प्रश्न आहे.

श्वासाचा सल्ला डायफ्रामवर उभा आहे. फुप्फुसांच्या खाली घुमटासारखा ताणलेला हा स्नायू श्वास घेताना खाली उतरतो आणि सोडताना वर चढतो. वेगात पळताना धापा टाकत उथळ श्वास घेतला की त्याला मोकळं व्हायला सवड मिळत नाही. शिवाय रक्ताची ओढ पायांकडे असते. अशा वेळी पोटरीत गोळा यावा तसा डायफ्राममध्ये येतो, असं हे जुनं स्पष्टीकरण. त्यात भर पडते यकृताची. ते उजवीकडे, जड, आणि डायफ्रामलाच बांधलेलं. श्वास सोडताना डायफ्राम वर जातो आणि नेमका त्याच क्षणी उजवा पाय जमिनीवर आदळला तर यकृत खाली हिसकतं. कळ बहुतेकदा उजवीकडे का येते, ते यातून पटतं. कधी ती खांद्याच्या टोकाला जाणवते, कारण डायफ्रामची नस मानेतून येते.

हे सगळं पटण्यासारखं असलं तरी गोळ्यानं सगळंच सुटत नाही. घोड्यावर किंवा उंटावर बसलेल्यालाही ही कळ येते, आणि तिथं धाप फारशी लागलेली नसते. कळ चालू असताना दुखऱ्या जागेच्या स्नायूंची विद्युत हालचाल मोजली, तेव्हा आवळल्याची खूण सापडली नाही. म्हणून आता बरेच अभ्यासक पोटाच्या आतल्या अस्तराकडे बोट दाखवतात. भरलेलं पोट हिंदकळलं की ते अस्तर घासतं, असं त्यांचं म्हणणं. पोरांचा पाण्याचा सल्ला इथं बसतो. त्यातही साधं पाणी तेवढं त्रास देत नाही. रस, सरबत, ग्लुकोजचं घट्ट पाणी पोटात जास्त वेळ रेंगाळतं, म्हणून तेच जास्त छळतं.

भाच्याला विचारलं तर सकाळी पावणेपाचला दोन केळी, वर तांब्याभर ग्लुकोज, आणि सव्वापाचला पळायला सुरुवात. (ताकद यायला म्हणे.) मी एका वेळी एकच गोष्ट बदलायला लावली, नाहीतर कशानं गुण आला ते कळत नाही. पहिला आठवडा फक्त पोट. रात्रीची भाकरी आठच्या आत, सकाळी दोन-चार घोट साधं पाणी, केळी पळून आल्यावर. दुसऱ्या फेरीतली कळ गेली. पण वेग वाढवला की चौथ्या फेरीत बारीक चमक यायचीच.

मग दुसऱ्या आठवड्यात श्वास. तो दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर असा पळायचा. चार पावलांचा हिशेब असल्यानं श्वास सोडण्याची सुरुवात दर वेळी एकाच पायावर व्हायची, त्याच्या बाबतीत उजव्या. तीन आत, दोन बाहेर केलं की पावलं पाच होतात आणि पाय आपोआप बदलत राहतो. आधी हळू पळताना सवय केली, कारण पूर्ण वेगात हा मेळ पाच मिनिटं टिकत नाही. शेवटच्या फेरीत तो दोन आत, एक बाहेर करतो. तिथंही पावलं तीन, म्हणजे विषमच. चमक अजून अधूनमधून येते, पण थांबावं लागत नाही.

म्हणून माझा कौल असा. खाऊनपिऊन पळत असाल आणि कळ पहिल्या 800 मीटरमध्येच येत असेल, तर आधी पोट बदला. फरक आठवड्यात दिसतो आणि कष्ट काहीच नाहीत. रिकाम्या पोटीही वेग वाढवताच कळ येत असेल, तर श्वासाकडे वळा, मात्र त्याला तीन-चार आठवडे द्या. चाचणी दहा दिवसांवर आली असेल तर नवा श्वास शिकत बसू नका, मोजण्याच्या नादात वेग जातो.

पळता पळता कळ आलीच, तर तिथं जेवणाची वेळ बदलून उपयोग नाही. वेग थोडा उतरवा, दुखऱ्या जागी बोटं रोवून किंचित पुढं वाका आणि ओठ आवळून श्वास लांब सोडा, दिवा विझवताना फुंकतो तसा. बऱ्याचदा शे-दोनशे पावलांत ती सैल होते. थांबल्यावर ही कळ काही मिनिटांत ओसरते. ती ओसरतच नसेल, बेंबीच्या उजवीकडे खालच्या बाजूला ठाण मांडून बसली असेल, ताप-उलटी असेल किंवा छातीत दाबल्यासारखं होत असेल, तर पळणं बंद करून सरळ डॉक्टर गाठा.