मे महिन्यातला दिवसभराचा सामना: पाणी, सरबत, ओआरएस की शहाळं?

मुंबई-कोकणच्या मैदानावर खरी अडचण दमट हवेची. घाम सुकतच नाही, नुसता ओघळतो. त्यामुळे अंग थंड होत नाही आणि शरीर आणखी घाम काढत राहतं. काय प्यायचं हे ठरवण्याआधी आपला घाम किती जातो ते मोजा. समजा, यष्टिरक्षकाचं वजन खेळाआधी ६८ किलो होतं. दोन तासांनी अंग पुसून, कोरड्या कपड्यांत ते ६६.४ भरलं. मधे तो एक लिटर पाणी प्यायला आणि लघवीला गेला नाही. म्हणजे घाम गेला २.६ लिटर, तासाला १.३ लिटर. लिटरभर घामात साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, पण माणसागणिक यात बराच फरक पडतो. टोपीवर, शर्टावर पांढरे डाग पडत असतील तर तुमचा घाम खारट आहे असं धरून चाला.

तासाभराच्या सरावाला साधं पाणी पुरतं. सामना दिवसभर चालणार असेल तर माझी पहिली पसंती लिंबू सरबताला. लिटरभर पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ आणि सहा सपाट चमचे साखर घातली की झालं. अर्धा चमचा मिठातून सुमारे १.२ ग्रॅम सोडियम मिळतं, म्हणजे लिटरभर घामाची भरपाई होते. शिवाय ते स्वस्त, आणि पोरं आवडीने पितात.

ओआरएसच्या लिटरभर द्रावणात १.७ ग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, म्हणून ज्याचा घाम फार जातो किंवा ज्याला दुसऱ्या दिवशीही खेळायचंय त्याला ते द्यावं. मात्र पाकीट ज्या मापाचं, तेवढ्याच पाण्यात कालवा. लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत ओतलं तर मळमळतं. खोक्यातल्या गोड पेयांचं सोडियम लेबलवर वाचून मगच घ्या. खेळाडूंसाठी म्हणून मिळणाऱ्या बहुतेक पेयांत ते लिटरला अर्धा ग्रॅमच असतं.

शहाळं जेवणाच्या सुट्टीत खुशाल प्या. पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी, उलट घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. भर सामन्यात नुसत्या शहाळ्यावर राहू नका. चवीला मीठ घातलेले शेंगदाणे असू द्या. मूत्रपिंडाचा आजार किंवा रक्तदाब असेल तर शहाळं काय, जास्तीचं मीठ काय, डॉक्टरांना विचारूनच.

१९८६ मध्ये मद्रासच्या बरोबरीत सुटलेल्या कसोटीत डीन जोन्सने २१० धावा काढल्या आणि नंतर त्याला रुग्णालयात सलाईन लावावं लागलं. हा प्रकार सगळ्यांना आठवतो, पण उलटा धोकाही असतो. सामन्यानंतर वजन वाढलेलं, बोटं सुजलेली, डोकं दुखतंय, उलटी होतेय, तर तो पाणी कमी पडल्याचा नव्हे, बहुधा नुसतं पाणी ढोसल्याचा परिणाम असतो. अशा वेळी आणखी पाणी पाजू नका. तो गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर थेट रुग्णालय गाठा.