पाच मिनिटं हँडल फिरवलं, फोन १२ टक्क्यांवरच

२०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा आमच्याकडची वीज गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी आईचा फोन बंद पडला. पुण्याहून दादा रात्रभर फोन लावत राहिला. ती रात्र पुन्हा नको म्हणून पुढच्या पावसाळ्याआधी मी एका प्रदर्शनातून हाताने फिरवायचा चार्जर घेतला, १,४०० रुपयांना. खोक्यावर लिहिलं होतं, पाच मिनिटं फिरवा, अर्धा तास बोला. विक्रेत्याने माझाच फोन लावून हँडल फिरवलं आणि चार्जिंगची खूण लगेच आली.

फसवलं ते त्या खुणेनेच. आत २,००० एमएएचची लिथियम बॅटरी होती, आधीच विजेवर भरून ठेवलेली. हँडलला हात न लावताही तिने फोन चार्ज केला असता. घरी पहिल्या दिवशी फोन ११ वरून ३४ टक्क्यांवर गेला, आम्ही खूश. ती बॅटरी संपल्यावर मात्र मी खांदा भरून येईपर्यंत पाच मिनिटं फिरवलं. फोन १२ टक्क्यांवर होता, तिथेच राहिला.

भाच्याने मध्ये यूएसबी मीटर लावलं. फिरवताना ५ व्होल्टला जेमतेम ०.३ अँपिअर, म्हणजे दीड वॅट. पाच मिनिटांचे झाले साधारण ०.१२ वॅट-तास. आईच्या ५,००० एमएएचच्या फोनमध्ये सुमारे १९ वॅट-तास मावतात. म्हणजे पाच मिनिटांच्या मेहनतीला अर्धा-पाऊण टक्का, त्यातलंही थोडं उष्णतेत जातं. स्क्रीन चालू असेल तर फोन जवळजवळ तेवढंच खातो. पूर्ण चार्जला तेरा तासांहून जास्त फिरवावं लागेल. जुन्या कीपॅड फोनची बॅटरी याच्या पाचव्या हिश्श्याएवढी असते, त्याला तीनेक टक्के मिळतील आणि एक छोटा कॉल होईल.

परत गेलो तर विक्रेता म्हणाला, "साहेब, जोरात फिरवा." जोरात फिरवलं, तर तिसऱ्या दिवशी आतलं प्लास्टिकचं दातेरी चाक घसरायला लागलं. पैसे परत मिळाले नाहीत.

तुम्ही घेणार असाल तर दुकानातच आधी त्याचा टॉर्च पूर्ण विझेपर्यंत लावून ठेवायला सांगा, फोन त्यानंतर जोडा. आणि हँडलकडे हाताने लक्ष द्या. खरा डायनॅमो वीज देऊ लागला की हँडल जड होतं. फोन जोडल्यावर आणि काढल्यावर ते सारखंच हलकं फिरत असेल, तर तुमच्या हाताची ताकद फोनपर्यंत जेमतेमच पोचतेय. आमचं जवळजवळ तसंच फिरत होतं, आणि मला वाटलं किती छान, आईलाही जमेल.

आता आईच्या कपाटात १०,००० एमएएचची पॉवर बँक आहे. जूनपासून दर रविवारी मी ती चार्जिंगला लावतो.