गेटवेला पिंग की बाहेरच्या पत्त्याला?

कोथरूडच्या आमच्या ऑफिसात फायबर आणि ४जी, अशी दोन कनेक्शनं; फायबर पडलं की राउटरने आपणहून ४जीवर जायचं. फायबर चालू आहे का ते बघायला आधी राउटर फायबरच्या गेटवेलाच पिंग करायचा. रस्ता खोदताना गेटवेच्याही पुढची केबल तुटली. गेटवे उत्तर देत राहिला, राउटर ढिम्म!

आता दर ५ सेकंदांनी `1.1.1.1` आणि `8.8.8.8` या बाहेरच्या पत्त्यांना पिंग. दोन्हीकडून सलग तीनदा उत्तर नाही आलं तरच ४जी. एकच पत्ता ठेवला, तर त्याच्या दुखण्यापायी चांगली लाइन सुटते.

मेख इथे आहे: या पत्त्यांचा रूट फायबरलाच बांधा. नाहीतर पिंग ४जीवरून पोचतात, राउटर तुटलेल्या फायबरवर परततो, पुन्हा ४जीवर जातो. मात्र हेच पत्ते डीएनएसला देऊ नका. फायबर गेलं की तेही गेले.